पंचवीस हजारांवरचा रुपया

ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीतला फ्लॅट विकायला निघाला, की व्यवहाराच्या शेवटच्या आठवड्यात एक कागद पुढे येतो. समजा त्यावर लिहिलेले असते: हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये, प्रीमियम २५,००० रुपये, इमारत विकास निधीला ऐच्छिक देणगी ५०,००० रुपये आणि ना-हरकत पत्राचे ५,००० रुपये. एकूण ८०,६०० रुपये. खरेदीदाराच्या बँकेला सोसायटीचे पत्र हवे असते, करारातली ताबा देण्याची तारीख जवळ आलेली असते आणि विकणाऱ्याने पुढच्या घराचा विसार दिलेला असतो. देणगीसमोर 'ऐच्छिक' लिहिलेले असले, तरी ती दिल्याशिवाय पत्रावर सही होत नाही.

या ८०,६०० पैकी सोसायटीला घेता येतात जास्तीत जास्त २५,६००. उरलेल्या ५५,००० रुपयांना कायद्याचा कसलाही आधार नाही. पण हे तेवढ्यावर सोडून देता येत नाही, कारण पैसे मागणाऱ्या कमिटीची अडचणही बहुतेक वेळा खरी असते. गच्ची गळत असते, लिफ्ट जुनी झालेली असते आणि फंडात पैसे नसतात. सोसायटीला पैसा लागतो हे मान्यच करायला हवे. तो कुणाकडून, केव्हा आणि कुणाच्या ठरावाने घ्यायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपविधींत आहे, आणि ते माझ्या मते कमिटीला वाटते त्यापेक्षा अधिक न्याय्य आहे.

वाचायला बसण्याआधी हातात कोणती प्रत आहे ते पाहावे. सहकार खात्याने २०१४ साली गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी प्रसिद्ध केले. बाजारात पुस्तिका म्हणून मिळतात ते हेच. पण आदर्श उपविधी आपोआप कुठल्याही सोसायटीला लागू होत नाहीत. सर्वसाधारण सभेने ते दोन तृतीयांश मतांनी स्वीकारावे लागतात आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे त्या दुरुस्तीची नोंदणी व्हावी लागते. अनेक जुन्या सोसायट्यांमध्ये ही नोंदणी झालेलीच नसते, तर काहींनी स्वीकारताना कलमे बदललेली असतात. म्हणून सचिवांकडे लेखी अर्ज करून नोंदणीकृत उपविधींची प्रत मागावी. निबंधकांच्या कार्यालयाचा शिक्का आणि नोंदणीची तारीख असलेली प्रतच भांडणात उपयोगी पडते. सोसायटीने मागितलेली नक्कल फी भरली, की सहकार कायद्याच्या गृहनिर्माण संस्थांविषयीच्या प्रकरणानुसार ४५ दिवसांत प्रत द्यावी लागते. तिच्यासोबत गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्तेही मागावीत. उपविधी फक्त मर्यादा सांगतात. त्या मर्यादेच्या आत सोसायटीने कोणता दर ठरवला, हे इतिवृत्तातच सापडते.

एकेक कलम वाचताना हा आकडा ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हे विचारत गेले तर पुस्तिकेतला बराच गोंधळ मिटतो. काही आकडे शासनाने बांधून दिलेले आहेत. ते कुठलीही सभा वाढवू शकत नाही. काही आकडे शासनाने घालून दिलेल्या किमान किंवा कमाल मर्यादेत सर्वसाधारण सभा ठरवते. व्यवस्थापक समितीकडे फक्त हिशेब करून बिल काढण्याचे काम उरते. जवळजवळ प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी यातल्या एकाने दुसऱ्याचा अधिकार वापरलेला असतो.

हस्तांतरणाचा प्रीमियम दुसऱ्या प्रकारात येतो. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याची कमाल मर्यादा ठरली: महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये, 'अ' वर्ग नगरपालिकेत २०,०००, 'ब' वर्गात १५,०००, 'क' वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत क्षेत्रात ५,०००. हा आदेश सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली काढलेला आहे. म्हणून सोसायटीने जुनेच उपविधी ठेवले असले तरी त्यातून तिची सुटका होत नाही. शिवाय २५,००० हा दर नसून कमाल मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेने १०,००० ठरवले असतील तर १०,०००च घेता येतात, आणि सभेने कधी काही ठरवलेच नसेल तर कमिटीला स्वतःच्या बैठकीत आकडा ठरवून वसूल करता येत नाही. त्यामुळे मागणीचा कागद हाती आला की आधी त्यामागच्या ठरावाची तारीख विचारावी.

देणगीबद्दल आदर्श उपविधींतले ३८ वे कलम निःसंदिग्ध आहे. देणगी म्हणून, दुसऱ्या कुठल्या निधीला वर्गणी म्हणून किंवा अन्य कोणत्याही सबबीखाली, विकणाऱ्याकडून वा घेणाऱ्याकडून आणखी रक्कम घ्यायची नाही. पावतीवर 'स्वेच्छेने' लिहून घेतल्याने त्या रकमेचे स्वरूप बदलत नाही. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे, नामनिर्देशिताच्या किंवा वारसाच्या नावे होणाऱ्या हस्तांतरणावर आणि दोन सभासदांनी आपसात फ्लॅट बदलल्यास प्रीमियमच लागत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर भाग दाखल्यावर म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर मुलीचे नाव लावताना २५,००० मागितले जातात तेव्हा ही सूट कुणी सांगत नाही, आणि शोकात असलेले घर वाद घालत बसत नाही.

याच कलमात आणखी एक ओळ आहे, ती फार थोड्या जणांनी वाचलेली असते: हस्तांतरणासाठी सोसायटीचे ना-हरकत पत्र आवश्यक नाही. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या संमतीसह १५ दिवसांची आगाऊ सूचना द्यायची, मग नोंदणीकृत करार, ठरलेले अर्ज, फी आणि थकबाकी भरल्याची नोंद सादर करायची, एवढेच बंधन आहे. पत्र कुणाला हवेच असेल तर अर्ज केल्यापासून महिन्याभरात समितीने त्यावर निर्णय घ्यावा, असेही तिथेच म्हटले आहे. व्यवहारात ते बँकेला हवे असते, आणि अडवणुकीला जागा मिळते ती इथेच. म्हणून करारात ताब्याची तारीख घालण्याआधी निदान दीड महिना हा अर्ज दिलेला असावा आणि त्याच्या पोचेवर आवक क्रमांक असावा. घाई विकणाऱ्याला असते, आणि देणगी त्या घाईच्या जोरावरच वसूल होते.

२००१ साली ठरलेले २५,००० रुपये आज काहीच नाहीत, असे कमिट्या म्हणतात, आणि पैशाचे मूल्य पाहिले तर ते खरे आहे. फ्लॅटची किंमत कैक पटींनी वाढली, सोसायटीचा वाटा मात्र गोठलेला राहिला. तरीही मर्यादा वाढवावी, या मताशी मी सहमत नाही. फ्लॅटची किंमत वाढली त्यात सोसायटीने गुंतवलेले काही नसते. नवा सभासद आला म्हणून इमारतीचा खर्चही वाढत नाही. भाग दाखल्यावर एक नोंद आणि सभासद नोंदवहीत एक ओळ, एवढेच काम असते. मोठी दुरुस्ती विकून जाणाऱ्यांच्या पैशांवर करायची ठरली, तर ज्या वर्षी चार फ्लॅट विकले जातील त्या वर्षी गच्ची दुरुस्त होणार आणि एकही विकला गेला नाही तर पावसाळाभर गळत राहणार. राहणाऱ्या सर्वांचा खर्च निघून जाणाऱ्या एकावर टाकण्यासारखे हे आहे. इमारतीच्या दुरुस्तीसाठी उपविधींनी वेगळी आणि नियमित वाट दिलेली आहे. बहुतेक सोसायट्या ती वापरत नाहीत, कारण तिच्यामुळे प्रत्येकाचे मासिक बिल वाढते आणि सभेत हात वर करणाऱ्यांना ते नको असते.

ती वाट मासिक बिलातच दिसते. चाळीस फ्लॅटांची, एकाच इमारतीची सोसायटी धरू आणि त्यातल्या एका फ्लॅटचे महिन्याचे बिल उघडून पाहू. सेवाशुल्क २,०००, मालमत्ता कर ९००, पाणी ४००, दुरुस्ती व देखभाल निधी ७५०, सिंकिंग फंड २५०, लिफ्ट ३००, पार्किंग २००. एकूण ४,८०० रुपये. यातली प्रत्येक रक्कम वेगळ्या नियमाने वाटलेली असते, आणि सगळेच चौरस फुटांवर किंवा सगळेच समसमान वाटणारी सोसायटी चूक करत असते.

सेवाशुल्कात पहारेकरी, सफाई कामगार आणि कार्यालयातल्या माणसांचे पगार, सामायिक वीज, छपाई, लेखापरीक्षण, सभांचा खर्च, वकिलाची फी असे खर्च येतात. ते सर्व फ्लॅटांत समान वाटायचे असतात. महिन्याचा खर्च ८०,००० असेल तर चाळीस फ्लॅटांना प्रत्येकी २,०००, मग फ्लॅट ४५० चौरस फुटांचा असो की ७०० चा. मोठ्या घराच्या दारात पहारेकरी जास्त वेळ उभा राहत नाही, हा त्यामागचा साधा विचार. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सर्वांना समान असतो. तळमजल्यावरचा सभासद लिफ्ट वापरत नाही म्हणून सुटत नाही. पाण्याचे बिल मात्र घरातल्या पाण्याच्या जोडण्यांची संख्या आणि आकार यांवर वाटायचे. इमारतीत सारख्या आकाराच्या २०० जोडण्या आणि महिन्याचे पाणी १६,००० रुपयांचे असेल तर एका जोडणीला ८० रुपये पडतात, आणि पाच जोडण्यांच्या घराला ४००. घराचे नूतनीकरण करताना कुणी एक नळ वाढवला तर ही नोंद बदलायला हवी, आणि ती सहसा बदललेली नसते.

आता दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवून ठेवायचा निधी. दोन्हींचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण आदर्श उपविधींनी किमान पातळी घातली आहे: दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के. इथे बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत वगळून इमारत उभारायला आलेला खर्च. बाजारभाव किंवा करारातली रक्कम त्यासाठी धरायची नसते. आपल्या उदाहरणातल्या फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख धरला तर वर्षाला ९,००० आणि ३,००० होतात, म्हणजे महिन्याला ७५० आणि २५०. अशा चाळीस फ्लॅटांचे मिळून वर्षाला ४,८०,००० रुपये जमतात. देणगीच्या नावाखाली ५०,००० उकळायचे म्हटले तर तेवढी रक्कम जमायला वर्षात जवळजवळ दहा फ्लॅट विकले जावे लागतील. किमान दरानेही जर नियमित वसुली होत असेल, तर देणगीची गरज का पडावी? बिलात हे दोन निधी दिसत नसतील किंवा सर्वांना सरसकट ५० रुपये लावले असतील, तर सोसायटी आजचे बिल कमी दाखवून उद्याचा खर्च पुढे ढकलते आहे. घर विकत घेणाऱ्याने इमारतीच्या रंगाआधी हे पाहावे.

एक सावधानता. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालची इमारत असेल तर तिथे सोसायटी नसून अपार्टमेंटधारकांची संघटना असते. तिथे सामायिक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटतात, समान वाटत नाहीत. पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत, आणि दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळून अनेक भांडणे विनाकारण लांबतात.

भाड्याच्या बाबतीत उपविधींची भूमिका लोकांना वाटते त्याच्या उलट आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे, नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याचे दाखवायचे. अविवाहितांना घर द्यायचे नाही किंवा कमिटीने मुलाखत घेतल्याशिवाय भाडेकरू राहायला येऊ द्यायचा नाही, असे ठराव या चौकटीत बसत नाहीत. कमिटीला काळजी वाटणे स्वाभाविक आहे, पण राहायला आल्यावर कुणी उपद्रव दिला तर त्यावर इलाज आहे, आणि घराचा धंद्यासाठी वापर झाला तर त्यालाही हरकत घेता येते. फ्लॅटमालकाच्या बाजूनेही एक चूक हमखास होते: करार नोंदवलेलाच नसतो. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी न केलेला कागद घेऊन सोसायटीशी हक्काची भाषा बोलता येत नाही.

भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्याला मर्यादा घातली: सेवाशुल्काच्या १० टक्के. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये माँ ब्लां सोसायटीच्या प्रकरणात ही मर्यादा कायम ठेवली. गफलत होते ती 'सेवाशुल्क' या शब्दात. आपल्या उदाहरणात योग्य शुल्क २,००० चे १० टक्के म्हणजे २०० रुपये. बिल करणारा मात्र एकूण ४,८०० वर १० टक्के लावतो आणि ४८० रुपये आकारतो. महिन्याचा फरक २८० रुपयांचा, म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण वर्षाला ३,३६० आणि पाच वर्षांत १६,८०० रुपये होतात. घरात सभासदाचे आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा, विवाहित मुलगी किंवा नातवंडे राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. घर नुसते कुलूपबंद असले तरीही नाही. भाडेकरू बदलताना सामान चढवण्या-उतरवण्याचे हजारो रुपये किंवा भाडेकरूकडून अनामत असे नवे मथळे काढून दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडणे हा तोच देणगीचा प्रकार आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, चुकीचे बिल आले की भरायचेच नाही. तसे कधीही करू नये. कमिटीशी भांडण आहे म्हणून मासिक रक्कम थांबवणारा सभासद बरोबर असूनही हरतो. थकबाकीवर सोसायटी व्याज लावू शकते. आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला सरळव्याजाने २१ टक्के आहे, आणि प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. ४,८०० च्या एका बिलावर २१ टक्क्यांनी महिन्याला ८४ रुपये व्याज होते. वर्षभर एकही बिल भरले नाही, तर बाराव्या बिलाच्या वेळी पहिल्यावर ११ महिन्यांचे, दुसऱ्यावर १० महिन्यांचे असे मिळून ६६ महिन्यांचे व्याज म्हणजे ५,५४४ रुपये होतात. मूळ थकबाकी ५७,६०० वेगळी. बिलात याहून मोठा आकडा दिसला तर संगणकाने मागच्या व्याजावर व्याज लावलेले असते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: बिलात मूळ थकबाकी आणि व्याज यांचे दोन वेगळे रकाने नसून 'मागील बाकी' अशी एकच रक्कम असते.

थकबाकीदार ठरलेल्याला कमिटीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. सोसायटी कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेऊ शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी वसूल करायच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. म्हणून वादग्रस्त रक्कमही हरकत नोंदवून भरावी. धनादेश किंवा बँकेतून, सोबत पत्र: अमुक रक्कम अमुक कारणासाठी मान्य नाही, ती हक्क राखून भरत आहे. धनादेश घ्यायलाच कमिटीने नकार दिला तर ती स्वतंत्र तक्रार होते आणि निबंधकांच्या अधिकारात येते.

तक्रारीची सुरुवात सोसायटीतच करायची असते. लेखी अर्ज, पोच, मग समितीच्या पुढच्या बैठकीत निर्णय आणि त्यानंतर १५ दिवसांत लेखी उत्तर, असा क्रम उपविधींत आहे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुढचे दार ठोठावायचे. कोणत्या विषयाला कोणते दार, हे उपविधींच्या शेवटच्या प्रकरणात लिहिलेले असते, आणि सर्वाधिक वेळ वाया जातो तो ते न वाचल्याने. जादा प्रीमियम, बिनभोगवटा शुल्क, सभासदत्व नाकारणे, भाग दाखला न देणे, कागदपत्रांच्या प्रती न देणे, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा न घेणे हे विषय उपनिबंधकांकडे जातात. मासिक आकारणीची जादा वसुली, सभेचे किंवा समितीचे ठराव, गळती आणि दुरुस्ती, पार्किंग, पाण्याचे असमान वाटप हे कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. बिल्डरने करार पाळला नाही तर दिवाणी न्यायालय, धमकी वा उपद्रव असेल तर पोलीस.

म्हणजे एकाच बिलातली दोन चुकीची कलमे दोन वेगळ्या कार्यालयांत जाऊ शकतात. २०० ऐवजी ४८० लावले, तो अर्ज उपनिबंधकांकडे. सेवाशुल्क समान न वाटता चौरस फुटांवर वाटले, तो दावा सहकार न्यायालयात. दोन्ही एकाच अर्जात घातले तर उपनिबंधक अर्ध्या भागावर 'हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत नाही' असे उत्तर देतात आणि महिने निघून जातात. मुदतीही वेगळ्या आहेत. सभासदत्वाच्या अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. स्पष्ट नकार आला तर मात्र दोन महिन्यांत निबंधकांकडे अपील करावे लागते.

ठाण्याच्या त्या विकणाऱ्याकडे परतायचे, तर त्याने २५,६०० रुपयांचा धनादेश, प्रीमियमच्या ठरावाची प्रत मागणारे पत्र आणि ना-हरकत पत्राचा अर्ज असे तिन्ही एकाच दिवशी, एकाच आवक क्रमांकाखाली द्यावेत. पत्रात ९ ऑगस्ट २००१ चा आदेश नमूद करावा आणि ५५,००० रुपयांची मागणी लेखी द्यावी अशी विनंती करावी. तोंडी मागितलेली देणगी लेखी मागायची वेळ आली, की कागदावर सही कुणी करायची हा प्रश्न कमिटीपुढे येतो. लेखी मागणी मिळाली, तर उपनिबंधकांकडच्या तक्रारीला जोडायचा सर्वात भक्कम पुरावा तोच.